पाणबुडी आणि काफिला : विसाव्या शतकातील व्यापारी जहाजांचे युद्ध

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

१. व्यापारी जहाजांवरील हल्ल्यात पाणबुडी हे निर्णायक शस्त्र का ठरले, याची कारणे सांगता येतील.
२. काफिला पद्धतीमुळे जहाजांची हानी का घटते, हे साध्या हिशोबाने समजावून देता येईल.
३. १९१७ साली ब्रिटिश नौदलाने काफिल्याचा निर्णय का लांबवला, याची चिकित्सा करता येईल.
४. काफिला कोणत्या परिस्थितीत अपुरा पडतो, हे उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, सागरी युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर समोरासमोर उभ्या ठाकलेल्या युद्धनौका येतात. विसाव्या शतकातील दोन्ही महायुद्धांत मात्र समुद्रावरील सर्वांत दीर्घ आणि सर्वांत महाग लढाई युद्धनौकांमध्ये झाली नाही. ती गहू, तेल, लोखंड आणि लाकूड वाहून नेणाऱ्या संथ मालवाहू जहाजांवरून झाली. ब्रिटनसारख्या बेटावरील देशाचे अन्न आणि इंधन समुद्रमार्गे येत असे. ही जहाजे बुडवण्याचा वेग नवी जहाजे बांधण्याच्या वेगापेक्षा अधिक राहिला, तर रणांगणावर पराभव न होताही त्या देशाला शरण यावे लागले असते.

जहाजे बुडवणारे साधन होते पाणबुडी आणि त्यावरचा उपाय होता काफिला, म्हणजे व्यापारी जहाजांनी रक्षक नौकांसह एकत्र प्रवास करणे. काफिला यशस्वी झाला तो रक्षक नौकांनी पाणबुड्या बुडवल्या म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. काफिल्याचे पहिले सामर्थ्य वेगळेच होते. त्याने समुद्र रिकामा केला. हे विधान नीट समजून घेणे, हा या घटकाचा गाभा आहे.

१. पाणबुडी : एक बुडी मारणारी नौका

'पाणबुडी' हा मराठी शब्द येथे फार उपयोगी आहे. पाण्यात बुडी मारणारी ती पाणबुडी. बुडी मारणारा माणूस पाण्याखाली राहत नाही. तो खाली जातो आणि श्वासासाठी वर येतो. दोन्ही महायुद्धांतील पाणबुड्या नेमक्या अशाच होत्या. त्या बहुतेक प्रवास पृष्ठभागावर डिझेल इंजिनावर करीत आणि गरज पडली तरच बुडी मारीत. पाण्याखाली डिझेल इंजिनाला हवा मिळत नसल्याने नौका विजेच्या बॅटरीवर चालवावी लागे.

दुसऱ्या महायुद्धातील जर्मनीची सर्वाधिक वापरली गेलेली 'सातव्या प्रकारची' यू-बोट घ्या. पृष्ठभागावर तिचा वेग सुमारे १७ नॉट होता. पाण्याखाली तो जास्तीत जास्त साडेसात नॉटच्या आसपास, आणि तोही थोडा वेळच. ४ नॉट अशा संथ गतीने गेल्यास ती पाण्याखाली साधारण ८० सागरी मैल जाऊ शके. मग बॅटरी भरण्यासाठी तिला वर यावेच लागे. बुडी मारलेली पाणबुडी दिसत नाही हे खरे, पण ती जवळजवळ आंधळी आणि पांगळीही होते. संथ मालवाहू जहाजदेखील तिच्या पुढे निघून जाऊ शकते. ही मर्यादा लक्षात ठेवा. पुढील विवेचन तिच्यावरच उभे आहे.

२. व्यापारी जहाजांविरुद्ध ती निर्णायक का ठरली?

पहिले कारण असे की, समुद्राच्या पृष्ठभागावर सत्ता नसलेल्या देशालाही पाणबुडीमुळे शत्रूच्या दारात जाता आले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश युद्धनौकांनी जर्मन आरमाराला उत्तर समुद्रात कोंडले होते. पाणबुड्या मात्र त्या पहाऱ्याखालून निसटून आयर्लंडच्या दक्षिणेपर्यंत पोहोचत आणि बंदराकडे येणाऱ्या जहाजांच्या वाटेवर दबा धरून बसत.

दुसरे कारण युद्धाच्या नियमांशी निगडित आहे. जुन्या संकेतानुसार व्यापारी जहाजाला आधी थांबवायचे, त्याची झडती घ्यायची आणि बुडवायचे झाल्यास त्यावरील माणसांना सुरक्षित स्थळी पोहोचवायचे असे. मोठ्या युद्धनौकेला हे शक्य होते. मूठभर खलाशांच्या अरुंद पाणबुडीत बुडत्या जहाजावरील माणसे घ्यायला जागाच नव्हती. शिवाय झडतीसाठी ती पृष्ठभागावर आली, तर साधी तोफही तिचे पातळ कवच फोडू शके. ब्रिटनने १९१५ पासून वरकरणी मालवाहू दिसणारी, पण आत तोफा लपवलेली जहाजे वापरली, तेव्हा हा धोका आणखी वाढला.

याचा अर्थ असा की पाणबुडीने नियम पाळले, तर ती दुबळी ठरे आणि नियम मोडले, तरच प्रभावी होई. ७ मे १९१५ रोजी 'लुसिटानिया' हे प्रवासी जहाज पूर्वसूचनेविना बुडवले गेले आणि सुमारे १,२०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत अमेरिकन नागरिकही असल्याने जगभर संताप उसळला आणि जर्मनीने काही काळ आवर घातला. परंतु डिसेंबर १९१६ मध्ये जर्मन नौदलप्रमुख होल्ट्झेनडॉर्फ यांनी असा हिशोब मांडला की, दरमहा ६ लाख टन जहाजे सलग पाच महिने बुडवली, तर ब्रिटनला तह करावा लागेल. येथे 'टन' म्हणजे वजन नव्हे, तर जहाजाच्या अंतर्भागाचे माप होय. या हिशोबावर विसंबून १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने अनिर्बंध पाणबुडीयुद्ध सुरू केले. अमेरिका युद्धात उतरेल हे गृहीत धरूनच हा जुगार खेळला गेला आणि एप्रिलमध्ये ती उतरलीही.

सुरुवातीला हिशोब खरा ठरताना दिसला. एप्रिल १९१७ या एका महिन्यात जगभरातील साडेआठ लाखांहून अधिक टन जहाजे समुद्रतळाशी गेली. ब्रिटनमधून दूरच्या प्रवासाला निघणाऱ्या दर चार जहाजांपैकी एक परत येत नव्हते.

> स्वतःची प्रगती तपासा – १
> (अ) पाणबुडीने युद्धाचे जुने नियम पाळणे तिला धोक्याचे का होते?
> (आ) पाण्याखाली गेलेली पाणबुडी 'आंधळी आणि पांगळी' होते, असे का म्हटले आहे?

३. ब्रिटिश नौदलाचा नकार आणि एक फसवा आकडा

काफिला ही काही नवी कल्पना नव्हती. शिडांच्या जहाजांच्या काळात ब्रिटनने ती वारंवार वापरली होती. तरीही १९१७ च्या वसंतापर्यंत नौदल मुख्यालयाचा तिला विरोध होता आणि त्यामागे वरवर पाहता सबळ कारणे होती. अनेक जहाजे एकत्र आणणे म्हणजे शत्रूला मोठे लक्ष्य देणे, अशी भीती वाटे. काफिल्याचा वेग सर्वांत संथ जहाजाइतकाच राहणार. सगळी जहाजे एकाच दिवशी बंदरात आल्यावर माल उतरवण्याची कोंडी होणार. आणि रात्री दिवे मालवून ठरावीक अंतर राखत चालणे व्यापारी कप्तानांना जमणार नाही, असेही म्हटले जाई.

सर्वांत मोठी अडचण मात्र आकड्यांची होती. ब्रिटिश बंदरांत दर आठवड्याला सुमारे २,५०० जहाजे येतात आणि तितकीच निघतात, अशी आकडेवारी प्रसिद्ध होत असे. एवढ्या जहाजांना रक्षक नौका कोठून आणणार? कमांडर रेजिनाल्ड हेंडरसन या अधिकाऱ्याने नौकानयन मंत्रालयातील नॉर्मन लेस्ली यांच्या मदतीने हा आकडा उकलून पाहिला. किनाऱ्या-किनाऱ्याने फिरणारी छोटी जहाजेही त्यात वारंवार मोजली गेली होती. महासागर ओलांडून येणारी जहाजे आठवड्याला केवळ १२० ते १४० होती. त्यांना रक्षण पुरवणे आवाक्यात होते. शत्रूला आपली भरभराट दाखवण्यासाठी प्रसिद्ध होणाऱ्या आकड्यानेच आपल्या धोरणकर्त्यांची दिशाभूल केली होती.

एव्हाना फ्रान्सला कोळसा नेणाऱ्या जहाजांच्या संरक्षित फेऱ्या सुरू झाल्या होत्या आणि त्यांतील हानी अत्यल्प होती. अखेर १० मे १९१७ रोजी जिब्राल्टरहून पहिला प्रायोगिक काफिला निघाला आणि एकही जहाज न गमावता ब्रिटनला पोहोचला. व्यापारी कप्तानांना ओळीत चालणे जमले. पद्धत विस्तारत गेली, तशी तिच्यातील हानी शेकडा एकाहूनही खाली राहिली. एकट्याने जाणाऱ्या जहाजांचे प्रमाण तिच्या कितीतरी पट अधिक होते.

४. समुद्र रिकामा होतो म्हणजे काय?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मोठे लक्ष्य दिल्यावर हानी वाढायला हवी होती. ती घटली कशी? यासाठी एक काल्पनिक, पण वास्तवाच्या जवळ जाणारे उदाहरण सोडवून पाहू.

समजा, बंदराकडे येणारा जलमार्ग २०० मैल रुंद आहे आणि त्यात कोठेतरी एक पाणबुडी दबा धरून आहे. तिला एकटे जहाज १० मैलांवरून दिसते. म्हणजे तिच्या डावीकडे १० आणि उजवीकडे १० असा २० मैलांचा पट्टा तिच्या नजरेत आहे. कोणतेही एक जहाज या पट्ट्यातून जाण्याची शक्यता २०० पैकी २०, म्हणजे दहात एक. वीस जहाजे वेगवेगळ्या वाटांनी, वेगवेगळ्या वेळी आली, तर त्यांपैकी सरासरी दोन तिला दिसतील.

आता तीच वीस जहाजे एकत्र आणा. ती काही चौरस मैलांतच मावतात. महासागराच्या मानाने हा ठिपका एका जहाजाच्या ठिपक्याहून फारसा मोठा नाही. काफिला १० ऐवजी १२ मैलांवरून दिसतो असे धरू. मग पट्टा २४ मैलांचा होतो आणि काफिला दिसण्याची शक्यता शेकडा १२ इतकीच राहते. उरलेल्या ८८ वेळा पाणबुडीला क्षितिजावर काहीच दिसत नाही.

हा प्रसंग शंभर वेळा घडला, असे समजा. एकूण २,००० जहाजे येतील. ती एकेकटी आली, तर पाणबुडीला २०० संधी मिळतील आणि प्रत्येक संधीत एक जहाज बुडाले, तर २०० जहाजे जातील. काफिल्याने आली, तर १२ संधी मिळतील. प्रत्येक वेळी तिने तब्बल तीन जहाजे बुडवली, असे मान्य केले, तरी एकूण ३६ जहाजे जातील. या हिशोबात रक्षक नौकांचा आपण विचारही केलेला नाही, हे ध्यानात घ्या.

काफिला दिसल्यानंतर प्रत्येक वेळी तीन जहाजे बुडणेही सोपे नव्हते. पाणबुडीत टॉर्पेडो मोजके असत आणि नळ्या पुन्हा भरायला वेळ लागे. काफिला पुढे सरकत राही आणि पाण्याखालील संथ पाणबुडीला त्याला पुन्हा गाठता येत नसे. येथे रक्षक नौका उपयोगी पडत. टॉर्पेडोच्या रेषेवरून पाणबुडीची जागा कळे, जलसुरुंगांचा मारा सुरू होई आणि तिला खोल बुडी मारून बसावे लागे. ती बुडाली नाही, तरी चालत असे. काफिला निघून जाईपर्यंत तिला खाली दाबून ठेवणे पुरेसे होते.

पहिल्या महायुद्धात स्वतः पाणबुडी चालवणारे आणि पुढे जर्मन पाणबुडीदलाचे प्रमुख झालेले कार्ल डॉनिट्झ यांनीही आपल्या आठवणींत नोंदवले आहे की, काफिले सुरू होताच समुद्र ओसाड झाला. पाणबुड्या दिवसचे दिवस रिकाम्या फिरत आणि मग अचानक भोवती रक्षक असलेला जहाजांचा मोठा समूह समोर येई.

> स्वतःची प्रगती तपासा – २
> जलमार्ग ३०० मैल रुंद आहे. पाणबुडीला एकटे जहाज १० मैलांवरून आणि काफिला १२ मैलांवरून दिसतो. ३० जहाजे एकेकटी आली, तर सरासरी किती दिसतील? काफिल्याने आली, तर काफिला दिसण्याची शक्यता शेकडा किती?

५. डॉनिट्झचे उत्तर आणि काफिल्याच्या मर्यादा

समुद्र रिकामा होतो, तर तो शोधायला अनेक डोळे हवेत, हे डॉनिट्झने ओळखले. दुसऱ्या महायुद्धात त्याने पाणबुड्यांच्या टोळ्या वापरल्या. अनेक पाणबुड्या लांबलचक रांगेत पसरून उभ्या राहत. एकीला काफिला दिसला की ती हल्ला न करता मागोमाग जाई आणि बिनतारी संदेशाने मुख्यालयाला कळवी. बाकीच्या जमल्या की रात्री सर्व जणी पृष्ठभागावरून हल्ला करीत. यात एक चातुर्य होते. रक्षक नौकांवरील 'अ‍ॅस्डिक' हे ध्वनियंत्र पाण्याखालील वस्तूचा वेध घेई. पृष्ठभागावरील पाणबुडी त्याला सापडत नसे. शिवाय पृष्ठभागावर पाणबुडी काफिल्यापेक्षा वेगवान असे.

ऑक्टोबर १९४० मध्ये कॅनडाहून निघालेल्या 'एससी ७' या संथ काफिल्याची कथा येथे बोधप्रद आहे. ३५ व्यापारी जहाजांच्या या काफिल्याला बराच प्रवास एकाच रक्षक नौकेच्या सोबतीने करावा लागला. नंतर आणखी नौका आल्या, पण त्यांनी एकत्र सराव केलेला नव्हता आणि त्यांच्याजवळ रडार नव्हते. टोळीने २० जहाजे बुडवली. यावरून दिसते की काफिला शोधणे कठीण असते. परंतु तो सापडला आणि रक्षण दुबळे असले, तर तो खरोखरच मोठे लक्ष्य ठरतो.

तरीही काफिला सोडून देणे हा उपाय नव्हता, हे १९४२ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सिद्ध झाले. जानेवारीपासून तेथे जहाजे एकेकटी फिरत होती आणि शहरांच्या दिव्यांच्या पार्श्वभूमीवर ती पाणबुड्यांना स्पष्ट दिसत होती. काही महिन्यांत शेकडो जहाजे गेली. मेच्या मध्यापासून किनाऱ्यावर काफिले सुरू झाले, तशी तेथील हानी उतरत गेली आणि पाणबुड्या जिथे जहाजे अजून एकटी होती, त्या मेक्सिकोच्या आखाताकडे व कॅरिबियन समुद्राकडे सरकल्या.

एकट्या जहाजाचे काय होऊ शकते, याचे एक उदाहरण मुंबईचे आहे. २० नोव्हेंबर १९४२ रोजी 'तिलावा' हे प्रवासी जहाज रक्षक नौकेविना मुंबईहून आफ्रिकेकडे निघाले. २३ नोव्हेंबरच्या पहाटे हिंदी महासागरात एका जपानी पाणबुडीने ते बुडवले. ९५८ जणांपैकी २८० माणसे गेली. अटलांटिकमधील ब्रिटिश जहाजांवरही हजारो हिंदी खलाशी होते. त्यांत कोकणातले आणि गोव्याचेही लोक असत. यंत्रघरात, पाण्याच्या पातळीखाली काम करणाऱ्याला टॉर्पेडो लागल्यावर वर येण्यास फार थोडा अवधी मिळे. आपण वर शेकड्यांत मांडलेल्या हानीत ही माणसे आहेत.

६. १९४३ : तोल कसा फिरला?

टोळीच्या पद्धतीत दोन कमकुवत दुवे होते. पाणबुड्यांना सतत बिनतारी संदेश पाठवावे लागत आणि पृष्ठभागावर राहावे लागे. मित्रराष्ट्रांनी नेमके हेच दुवे पकडले. सांकेतिक संदेश उलगडले गेल्यास काफिल्यांचा मार्ग बदलून टोळीला टाळता येई. रक्षक नौकांवरील दिशाशोधक यंत्र संदेश पाठवणाऱ्या पाणबुडीची दिशा दाखवी. दहा सेंटिमीटर तरंगलांबीचे रडार रात्री व धुक्यात पृष्ठभागावरील पाणबुडी हेरी. लांब पल्ल्याची विमाने मध्य अटलांटिकवर पोहोचू लागली, तेव्हा पाणबुड्यांना दिवसा वर राहणे अवघड झाले.

याच सुमारास पॅट्रिक ब्लॅकेट या भौतिकशास्त्रज्ञाच्या गटाने एक साधा प्रश्न विचारला : काफिला मोठा असावा की लहान? नोंदी तपासता असे दिसले की, एका हल्ल्यात बुडणाऱ्या जहाजांची संख्या काफिल्याच्या आकारावर फारशी अवलंबून नसते. तीन जहाजे गेली, तर ४० च्या काफिल्यात ती शेकडा साडेसात होतात आणि ८० च्या काफिल्यात त्याच्या निम्मी. दुसरे असे की, रक्षण करायचे असते ते काफिल्याच्या परिघाचे. जहाजे दुप्पट झाली की क्षेत्रफळ दुप्पट होते, पण परीघ सुमारे १.४ पटच होतो. म्हणजे ६ रक्षक नौकांच्या जागी १२ नव्हे, तर आठ-नऊ पुरतात. १९४३ च्या वसंतापासून काफिले मोठे करण्यात आले.

या सर्वांची कसोटी 'ओएनएस ५' या काफिल्यावर लागली. २१ एप्रिल १९४३ रोजी तो लिव्हरपूलहून अमेरिका खंडाकडे निघाला. त्यात चाळीसहून अधिक जहाजे होती आणि पीटर ग्रेटन यांचा अनुभवी रक्षक गट सोबत होता. वादळामुळे काफिला विस्कळीत झाला. समुद्र इतका खवळलेला होता की इंधन भरता न आल्याने ग्रेटन यांना आपल्या नौकेसह काफिला सोडून जावे लागले आणि त्यांच्या दुय्यम अधिकाऱ्याने सूत्रे हाती घेतली. मेच्या पहिल्या आठवड्यात सुमारे चाळीस पाणबुड्या त्याच्याभोवती जमल्या आणि प्रवासात एकूण १३ जहाजे बुडाली. ५ मेच्या रात्री मात्र दाट धुके उतरले. पाणबुड्यांना काहीच दिसेना. रडार असलेल्या रक्षक नौकांना मात्र त्या दिसत होत्या. एकामागून एक हल्ले परतवले गेले आणि या संग्रामात निदान सहा पाणबुड्या नष्ट झाल्या.

मे १९४३ मध्ये जर्मनीने एकूण ४१ पाणबुड्या गमावल्या. २४ मे रोजी डॉनिट्झने उत्तर अटलांटिकमधून टोळ्या मागे घेतल्या. पहिल्या महायुद्धात काफिल्याने पाणबुडीला टाळले होते; आता काफिला हेच पाणबुडीला खेचून आणून मारण्याचे ठिकाण झाले होते.

पॅसिफिकमध्ये याच्या नेमके उलट घडले. जपानही बेटांचा देश होता. पण व्यापारी जहाजांच्या रक्षणासाठी स्वतंत्र मुख्यालय त्याने नोव्हेंबर १९४३ मध्येच स्थापन केले. काफिले लहान होते, रक्षक अपुरे होते आणि त्यांचे सांकेतिक संदेश अमेरिकेला कळत होते. जपानच्या बुडालेल्या व्यापारी जहाजांपैकी, टनांच्या मापाने, निम्म्याहून अधिक अमेरिकन पाणबुड्यांनी बुडवली. जर्मनीला जे दोनदा साधले नाही, ते येथे साधले.

सारांश

पाणबुडी निर्णायक ठरली, कारण समुद्रसत्ता नसलेल्यालाही तिच्यामुळे शत्रूचा पुरवठा तोडता आला. त्यासाठी युद्धाचे नियम मात्र तिला मोडावे लागले. काफिल्याने तिला प्रथम भूमितीच्या बळावर निष्प्रभ केले : जहाजे एकत्र आल्याने ती सापडण्याच्या संधीच घटल्या. टोळ्यांनी या फायद्यावर मात केली, तेव्हा रडार, दिशाशोधन, विमाने आणि सराव असलेले रक्षक यांची जोड आवश्यक झाली. रक्षण दुबळे असेल, तर काफिला सापडल्यावर मोठी हानी होते. तरीही एकट्याने जाण्यापेक्षा तो श्रेयस्कर ठरतो.

स्वतःची प्रगती तपासा – उत्तरे

१. (अ) झडतीसाठी पृष्ठभागावर यावे लागे, तेथे साधी तोफही तिला बुडवू शके. शिवाय जहाजावरील माणसे घेण्यास तिच्यात जागा नसे. (आ) बॅटरीवर तिचा वेग व पल्ला दोन्ही अगदी कमी होत आणि दृष्टीही मर्यादित होई.
२. एका जहाजासाठी शक्यता ३०० पैकी २०, म्हणजे पंधरात एक. म्हणून ३० पैकी सरासरी २ जहाजे दिसतील. काफिला दिसण्याची शक्यता ३०० पैकी २४, म्हणजे शेकडा ८.

सरावासाठी स्वाध्याय

१. '२,५०० जहाजे' हा आकडा खोटा नव्हता, तरीही फसवा होता. हे विधान स्पष्ट करा.
२. 'एससी ७' आणि 'ओएनएस ५' या काफिल्यांची तुलना करून, रक्षणात कोणता गुणात्मक फरक पडला होता, ते सुमारे २०० शब्दांत लिहा.
३. एका पाणबुडीऐवजी दहा पाणबुड्यांची रांग जलमार्गावर पसरली, तर विभाग ४ मधील हिशोबात काय बदल होईल? डॉनिट्झच्या पद्धतीशी त्याचा संबंध जोडा.